शनिवार-रविवार वगळून प्रकल्पाची शेवटची तारीख कशी काढायची: गँट चार्टवर एक पूर्ण उदाहरण

कामांची यादी तयार आहे, प्रत्येकाला किती दिवस लागतील तेही ठरलंय. आता समोरचा विचारतो, "मग संपणार कधी?" अशा वेळी बहुतेक जण सगळ्या दिवसांची बेरीज करून कॅलेंडरवर तेवढे दिवस पुढे मोजतात. थोडा अनुभव असलेले एकामागून एक येणाऱ्या कामांची सर्वांत लांब साखळी शोधतात आणि फक्त तिची बेरीज करतात. दोन्ही रीतींनी तारीख मिळते, पण बरोबर मिळेलच असं नाही. बेरीज करताना आठवड्याचे वार हिशेबात आलेलेच नसतात, आणि शनिवार-रविवार साखळीत नेमके कुठे पडतात त्यावर शेवटची तारीख हलते.

म्हणून तारीख बेरजेने काढायचीच नाही. एकेक काम कॅलेंडरवर ठेवत पुढे जायचं आणि शेवटचं काम जिथे संपेल ती तारीख घ्यायची. पद्धत सोपी आहे, फक्त नियम काटेकोर पाळावे लागतात. एका खोलीच्या नूतनीकरणाचं उदाहरण घेऊन ती आधी हाताने आणि मग स्प्रेडशीटमध्ये करून पाहू. हे उदाहरण मुद्दाम निवडलंय, कारण यात प्लास्टर सुकण्याचा काळ आहे. माणसं शनिवार-रविवारी सुट्टी घेतात, पण प्लास्टर सुकायचं थांबत नाही. खरा गुंता आणि खरा फायदाही इथेच आहे.

## आधी यादी, मग तारखा

| काम | कालावधी | आधी काय संपलेलं हवं |
|---|---|---|
| खोली रिकामी करणं, जुनी फरशी काढणं | २ दिवस | – |
| वायरिंग आणि नळजोडणी | ४ दिवस | खोली रिकामी करणं |
| प्लास्टर | ३ दिवस | वायरिंग |
| प्लास्टर सुकणं | सलग ५ दिवस | प्लास्टर |
| नवी फरशी | ३ दिवस | प्लास्टर |
| कपाटं बनवणं (वर्कशॉपमध्ये) | १० दिवस | खोली रिकामी करणं |
| रंग | ३ दिवस | सुकणं, फरशी |
| कपाटं बसवणं | २ दिवस | रंग, कपाटं बनवणं |
| साफसफाई आणि तपासणी | १ दिवस | कपाटं बसवणं |

दुसऱ्या रकान्यात "दिवस" आणि "सलग दिवस" असा फरक केलाय, तो महत्त्वाचा आहे. वायरिंगचे ४ दिवस म्हणजे कामाचे ४ दिवस, मध्ये रविवार आला तर तो धरायचा नाही. सुकण्याचे ५ दिवस मात्र कॅलेंडरवरचे ५ दिवस आहेत. (इथे ५ हा आकडा उदाहरणापुरता घेतलाय. प्रत्यक्षात तो थराची जाडी, हवा आणि साहित्य यांवरून ठरतो.) यादी करताना प्रत्येक कामाला एकच प्रश्न विचारायचा: सुट्टीच्या दिवशी हे काम पुढे सरकतं का? सुकणं, माल वाटेत असणं, नोटिशीची मुदत, सर्व्हरवर रात्रंदिवस चालणारी चाचणी, या सगळ्याचं उत्तर "हो" असं येतं आणि ते सलग दिवसांत मोजायचं.

तिसऱ्या रकान्यात फक्त लगतची आधीची कामं लिहायची. रंगाच्या आधी वायरिंगही झालेलं असतंच, पण ते प्लास्टरमधून आपोआप येतं, पुन्हा लिहायची गरज नाही. दुसरी बाजूही पाहायला हवी. सवयीमुळे आपण कामं एकाखाली एक लिहितो आणि मग ती एकामागून एकच होणार असं गृहीत धरतो. कपाटं बनवण्याला प्लास्टरची वाट पाहावी लागत नाही. मापं घेता आली की पुरे, आणि मापं खोली रिकामी झाली की घेता येतात. आधीच्या कामाकडून पुढच्या कामाकडे जाणारा हा एक बाण चुकीच्या जागी जोडला, म्हणजे कपाटांचं काम प्लास्टर झाल्यावर सुरू होईल असं लिहिलं, तर पुढच्या सगळ्या तारखा विनाकारण लांबतात.

## कॅलेंडरवर ठेवण्याचे तीन नियम

पहिला नियम: काम ज्या दिवशी सुरू होतं, तो दिवस पहिला. बुधवारी सुरू झालेलं २ दिवसांचं काम गुरुवारी संपतं, शुक्रवारी नाही.

दुसरा नियम: आधीची कामं एकाहून जास्त असतील तर त्यांतलं सर्वांत उशिरा संपणारं पाहायचं. ते संपल्यानंतर येणारा पहिला कामाचा दिवस ही पुढच्या कामाची सुरुवात.

तिसरा नियम: सलग दिवसांत मोजायचं काम आधीचं काम संपल्यावर लगेच दुसऱ्या दिवशी सुरू होतं, मग तो शनिवार असला तरी. ते शनिवारी किंवा रविवारी संपूही शकतं.

आता सुरुवात करू. काम बुधवारी, ३ जून २०२६ रोजी सुरू होतंय. त्या महिन्यात शनिवार-रविवार ६-७, १३-१४, २०-२१ आणि २७-२८ तारखांना येतात.

खोली रिकामी करण्याचं काम बुधवार ३ आणि गुरुवार ४ असे दोन दिवस चालेल. वायरिंग शुक्रवारी ५ तारखेला सुरू होईल. एक दिवस झाला की सुट्टी आली, म्हणून उरलेले तीन दिवस सोमवार ८, मंगळवार ९ आणि बुधवार १०. प्लास्टर गुरुवार ११ आणि शुक्रवार १२ असं दोन दिवस होईल, मग सुट्टी, आणि तिसरा दिवस सोमवार १५.

इथे वाट दुभंगते. सुकणं मंगळवारी १६ तारखेला सुरू होऊन सलग ५ दिवसांनी शनिवारी २० तारखेला संपेल. फरशीही त्याच मंगळवारी सुरू होईल आणि गुरुवारी १८ तारखेला संपेल. तिकडे वर्कशॉपमध्ये कपाटांचं काम शुक्रवारी ५ तारखेलाच सुरू झालंय. कामाचे १० दिवस मोजले की तेही गुरुवारी १८ तारखेला संपतं.

रंगाला सुकणं आणि फरशी दोन्ही हवीत. सुकणं २० ला, फरशी १८ ला, म्हणजे २० धरायची. २० ला शनिवार आहे, पुढचा पहिला कामाचा दिवस सोमवार २२. रंग २२, २३, २४. कपाटं बसवायला रंग (२४) आणि तयार कपाटं (१८) हवीत, म्हणजे सुरुवात २५ ला आणि शेवट शुक्रवारी २६ ला. साफसफाई आणि तपासणी सुट्टीनंतर, सोमवारी २९ जूनला.

उत्तर: २९ जून २०२६.

आता मघाच्या बेरजा ताडून पाहा. सगळ्या कामांची बेरीज ३३ येते. ३ जूनपासून सरळ मोजलं तर ५ जुलै, आणि तो रविवार आहे. लांब साखळीची बेरीज २० येते. सरळ मोजलं तर २२ जून, सगळे कामाचे दिवस धरले तर ३० जून. यातलं कुठलंच उत्तर २९ नाही. शेवटचं उत्तर अगदी जवळ आलंय, पण तो योगायोग आहे. सुकण्याचे दिवस वेगळे असते किंवा सुरुवातीचा वार वेगळा असता तर अंतर वाढूही शकलं असतं.

## चार्ट काढताना

गँट चार्ट म्हणजे डावीकडे कामं, वर तारखा आणि प्रत्येक कामाची सुरुवातीपासून शेवटापर्यंत आडवी पट्टी. हेन्री गँट यांच्या नावाने ओळखला जाणारा हा तक्ता विसाव्या शतकाच्या सुरुवातीला रूढ झाला. कामांमधल्या अवलंबित्वावरून तारीख काढण्याची पद्धत, जिला आपण क्रिटिकल पाथ म्हणतो, ती १९५० च्या दशकाच्या अखेरीस ड्यूपाँट कंपनीचे मॉर्गन वॉकर आणि रेमिंग्टन रँडचे जेम्स केली यांच्या कामातून आली. मला हा क्रम आठवणीत ठेवण्यासारखा वाटतो, कारण पट्ट्या काढल्या म्हणजे हिशेब झाला असं नसतं. पट्टी फक्त निकाल दाखवते. निकाल काढतात ते बाण.

हाताने काढत असाल तर चौकटीच्या कागदावर प्रत्येक तारखेला एक रकाना द्या आणि शनिवार-रविवारचे रकाने आधीच करडे करून घ्या. कामाची पट्टी करड्या रकान्यांवरून पुढे जाऊ द्या, पण तिथे तिचा रंग भरू नका. सुकण्याची पट्टी मात्र करड्या रकान्यांतही भरा. यामुळे एक फार सोपी पडताळणी हाताशी येते: पट्टीतले भरलेले रकाने मोजले की कालावधी यायला हवा. कपाटं बनवण्याची पट्टी ५ पासून १८ पर्यंत १४ रकाने लांब दिसते. त्यातले ४ करडे, उरले १०. बरोबर. वायरिंगची पट्टी ६ रकाने लांब आहे, करडे २, उरले ४. आकडा जुळला नाही, तर चूक त्याच ओळीत आहे.

## स्प्रेडशीटमध्ये हेच

हाताने एकदा करून पाहिलं की स्प्रेडशीट लावायला वेळ लागत नाही. `A` रकान्यात कामाचं नाव, `B` मध्ये कालावधी, `C` मध्ये सुरुवात, `D` मध्ये शेवट. `E` मध्ये सलग दिवसांच्या कामापुढे `1` लिहा, बाकी रिकामं. कामं दुसऱ्या ओळीपासून वरच्या तक्त्याच्याच क्रमाने येऊ द्या, म्हणजे खोली रिकामी करणं ओळ २ मध्ये आणि तपासणी ओळ १० मध्ये येईल.

शेवटाची तारीख काढायला `WORKDAY` हे फंक्शन आहे. ते दिलेल्या तारखेपासून तितके कामाचे दिवस पुढे नेतं, पण दिलेली तारीख स्वतः मोजत नाही. आपला पहिला नियम सुरुवातीचा दिवस मोजतो, म्हणून फंक्शनला सुरुवातीच्या आदला दिवस द्यायचा:

```
C2: =DATE(2026,6,3)
D2: =WORKDAY(C2-1,B2)
```

हे `D2` मधलं सूत्र खाली `D10` पर्यंत ओढा, फक्त `D5` सोडून. `D5` म्हणजे सुकणं, त्याला साधी बेरीज लागते. सुरुवातीच्या तारखा बाणांप्रमाणे:

```
C3:  =WORKDAY(D2,1)
C4:  =WORKDAY(D3,1)
C5:  =D4+1
D5:  =C5+B5-1
C6:  =WORKDAY(D4,1)
C7:  =WORKDAY(D2,1)
C8:  =WORKDAY(MAX(D5,D6),1)
C9:  =WORKDAY(MAX(D7,D8),1)
C10: =WORKDAY(D9,1)
```

`C8` मध्ये `MAX` मधून शनिवार २० जून येतो आणि `WORKDAY` त्याला सोमवार २२ वर नेतं. दुसरा नियम इथे जसाच्या तसा उतरलाय. प्रकल्पाची शेवटची तारीख `=MAX(D2:D10)`. शेवटच्या ओळीची तारीख थेट उचलू नका. आज तपासणी शेवटी आहे, उद्या यादीत एखादं काम वाढलं की ती राहीलच असं नाही. तारखेऐवजी पाच आकडी संख्या दिसली तर घाबरू नका, त्या खान्याचं फॉरमॅट तारखेचं करा.

पट्ट्यांसाठी पहिल्या ओळीत `F1` पासून पुढे एकेक तारीख भरा आणि खालच्या खान्यांना कंडिशनल फॉरमॅटिंगचे तीन नियम याच क्रमाने लावा. पहिल्या आणि तिसऱ्याला पट्टीचा रंग, दुसऱ्याला करडा. नियम लागू होण्याचा भाग `F2` पासून सुरू व्हायला हवा:

```
=AND($E2=1,F$1>=$C2,F$1<=$D2)
=WEEKDAY(F$1,2)>5
=AND(F$1>=$C2,F$1<=$D2)
```

क्रम महत्त्वाचा आहे. सलग कामाचा नियम वर असल्यामुळे सुकण्याची पट्टी शनिवारीही रंगीत राहते, आणि करडा नियम तिसऱ्याच्या वर असल्यामुळे बाकीच्या पट्ट्या सुट्टीच्या रकान्यात करड्या होतात.

सगळीकडे शनिवार-रविवारच सुट्टी असते असं नाही. तेव्हा `WORKDAY.INTL` वापरायचं, त्याचा तिसरा आकडा सुट्टीचे वार सांगतो. `1` म्हणजे शनिवार-रविवार, `7` म्हणजे शुक्रवार-शनिवार, `11` म्हणजे फक्त रविवार. याच प्रकल्पात सगळे जण शनिवारीही काम करणार असतील, तर प्रत्येक `WORKDAY` च्या जागी `=WORKDAY.INTL(C2-1,B2,11)` अशा धर्तीची सूत्रं येतील आणि शेवट २४ जूनला होईल. सुरुवातीच्या तारखांची सूत्रंही बदलायला विसरू नका. फक्त `D` रकाना बदलला तर कामं शनिवारी संपताना दिसतात, पण कुठलंच काम शनिवारी सुरू होत नाही. अशी विसंगती दिसली की कारण बहुधा हेच असतं.

आठवड्याच्या सुट्टीखेरीज इतर सुट्ट्या असतील तर त्यांच्या तारखा वेगळ्या पानावर लिहून `=WORKDAY(C2-1,B2,Sheet2!$A$2:$A$10)` असा पल्ला जोडायचा. हाही प्रत्येक सूत्रात हवा. सुकण्याच्या ओळीला मात्र नको.

## सर्वांत महागात पडणारी चूक

`WORKDAY` मधला `-1` विसरणं. `=WORKDAY(C2,B2)` लिहिलं की खोली रिकामी करण्याचं काम ४ ऐवजी ५ तारखेला संपतं. एका ओळीत एकच दिवस, म्हणून नजरेत भरत नाही. पण पुढची सुरुवात त्याच्याही पुढच्या दिवशी धरली जाते, त्यामुळे साखळीतलं प्रत्येक काम एक दिवस वाढवत जातं. आपल्या उदाहरणात ही एक चूक सगळ्या ओळींत राहिली तर तारीख २९ जूनऐवजी ७ जुलै येते, म्हणजे कामाचे पूर्ण सहा दिवस जास्त.

हे पकडायला `NETWORKDAYS` कामी येतं. ते सुरुवात आणि शेवट दोन्ही दिवस मोजतं, त्यामुळे `=NETWORKDAYS(C2,D2)` चं उत्तर `B2` इतकंच यायला हवं. एक जादा रकाना करून सगळ्या ओळींत हा ताळा घ्या. सुकण्याची ओळ जुळणार नाही, ते बरोबरच आहे.

## तारीख नक्की कोण ठरवतंय

शेवटची तारीख मिळाली की पुढचा प्रश्न असतो, घाई कुठे करायची. शेवटापासून उलटं चालत जा आणि प्रत्येक कामाला विचारा, तुझी सुरुवात कुणामुळे ठरली? तपासणी कपाटं बसवण्यामुळे. कपाटं बसवणं रंगामुळे, कारण रंग २४ ला संपतो आणि कपाटं १८ लाच तयार आहेत. रंग सुकण्यामुळे. सुकणं प्लास्टरमुळे, प्लास्टर वायरिंगमुळे, वायरिंग खोली रिकामी करण्यामुळे. तारीख ठरवणारी साखळी हीच.

आता सवड काढू, म्हणजे शेवटची तारीख न हलवता एखादं काम किती लांबू शकतं ते. कपाटं बनवणं १८ ला संपतं, पण ते २४ पर्यंत संपलं तरी चालतं. मधले कामाचे दिवस १९, २२, २३, २४, म्हणजे सवड ४ दिवसांची. फरशीला १९ तारखेपर्यंत, म्हणजे १ दिवस.

आणि प्लास्टर? ते साखळीत आहे, म्हणजे सवड शून्य असायला हवी, असं कुणीही म्हणेल. करून पाहा. प्लास्टर सोमवारी १५ ऐवजी मंगळवारी १६ ला संपलं, तर सुकणं १७ ला सुरू होऊन रविवारी २१ ला संपेल. फरशी १७, १८, १९. रंग तरीही सोमवारी २२ लाच सुरू होतो. म्हणजे साखळीत असूनही प्लास्टरला एका दिवसाची सवड आहे, आणि त्याच्या आधीच्या वायरिंगला आणि खोली रिकामी करण्यालाही. तो दिवस सुट्टीने गिळला.

याचा एक विचित्र परिणाम प्रकल्प नियोजनाच्या सॉफ्टवेअरमध्ये दिसतो. सवड शून्य असलेली कामंच क्रिटिकल, म्हणजे तारीख ठरवणारी, या नियमाने पाहिलं तर इथे फक्त रंग, कपाटं बसवणं आणि तपासणी लाल होतात. साखळी मधूनच सुरू झाल्यासारखी दिसते आणि लोक समजतात की पहिल्या पंधरवड्यात कसलीच घाई नाही. वेगवेगळी कॅलेंडरं एकत्र आली की असं होतं. प्रिमावेरा पी६ मध्ये म्हणूनच क्रिटिकल कामं सवडीऐवजी सर्वांत लांब मार्गावरून ठरवण्याची सोय आहे. मायक्रोसॉफ्ट प्रोजेक्टमध्ये कितीपर्यंत सवड असलेलं काम क्रिटिकल धरायचं तो आकडा वाढवता येतो. तिथे सलग दिवसांचा कालावधी `5ed` असा टाइप करतात, आणि नुसतं `5d` टाकलं की तेच सुकणं कामाच्या पाच दिवसांचं होतं. साधनं काहीही करोत, उलटं चालत जाऊन हाताने शोधलेली साखळी फसवत नाही, आणि मी तिच्यावरच जास्त भरवसा ठेवेन.

## एक शनिवार, दोन वेगळे निकाल

सुट्टी जसा उशीर गिळते तसाच फायदाही वाढवते. समजा, एकाच शनिवारी जादा काम करून घेता येईल. कुठल्या?

६ जूनला वायरिंगवाल्यांना बोलावलं, तर वायरिंग ५, ६, ८, ९ असं मंगळवारी संपेल. प्लास्टर १०, ११, १२, म्हणजे शुक्रवारीच पूर्ण. सुकणं शनिवारी १३ ला सुरू होऊन बुधवारी १७ ला संपेल, म्हणजे दोन्ही सुट्टीचे दिवस सुकण्यात कामी आले. फरशीही १७ ला संपते. रंग १८, १९, २२. कपाटं बसवणं २३, २४. तपासणी गुरुवारी २५ जूनला. जादा काम एका दिवसाचं, वाचले कामाचे दोन दिवस.

तोच एक शनिवार प्लास्टरला दिला, म्हणजे १३ तारखेला, तर प्लास्टर त्याच दिवशी संपेल. सुकणं रविवार १४ ते गुरुवार १८. रंग शुक्रवारी १९ ला सुरू होऊन मंगळवारी २३ ला संपेल. तपासणी शुक्रवारी २६ ला. वाचला एकच दिवस, कारण शनिवार सुकण्याऐवजी प्लास्टरमध्ये गेला.

म्हणून सलग दिवसांचं काम साखळीत असेल, तर त्याच्या आधीचं काम शुक्रवारी संपवता येतं का, हे सर्वांत आधी तपासावं. वाट पाहण्याचा काळ सुट्टीवर टाकता आला तर तो जवळजवळ फुकटात जातो. वायरिंगला शनिवारी बोलावण्याऐवजी ४ चं काम ३ दिवसांत बसवता आलं तरी हाच फायदा मिळतो.

जादा सुट्टीचंही असंच. मंगळवारी २३ जूनला सुट्टी आली तर रंग एक दिवस लांबतो आणि शेवट ३० जूनला जातो. पण शुक्रवारी १९ ला आली तर शेवटची तारीख हलतच नाही, कारण त्या दिवशी सुकण्याखेरीज काहीच चालू नाही. फक्त फरशीची, आणि तिच्यामुळे प्लास्टर, वायरिंग आणि खोली रिकामी करण्याचीही, एका दिवसाची सवड संपते आणि कपाटांची चारवरून तीनवर येते.

## काम सुरू झाल्यावर

आराखड्याची तारीख पहिल्या दिवशी काढून ठेवली आणि मग तिकडे पाहिलंच नाही, तर तिचा उपयोग राहत नाही. काम संपलं की `D` रकान्यातलं सूत्र काढून तिथे प्रत्यक्ष तारीख टाका, पुढच्या सगळ्या तारखा आपोआप सरकतील. मूळ आराखड्याची प्रत वेगळी जपा, नाहीतर नेमकं कुठे घसरलं ते नंतर सांगता येत नाही.

चालू कामाचं काय? तिथे "किती टक्के झालं" हा प्रश्न विचारू नका. "आणखी किती दिवस लागतील" असं विचारा. टक्क्यांवरून तारीख निघत नाही, उरलेल्या दिवसांवरून निघते. समजा, १७ जूनच्या संध्याकाळी वर्कशॉपमधून उत्तर आलं, "अजून पाच दिवस." तर `D7` मध्ये लिहा:

```
=WORKDAY(DATE(2026,6,17),5)
```

इथे `-1` नको, कारण १७ तारीख संपलेली आहे आणि मोजणी १८ पासून सुरू व्हायला हवी. उत्तर बुधवार २४ जून. चार दिवसांची सगळी सवड संपली, पण २९ ही तारीख अजून टिकून आहे. वर्कशॉपने सहा दिवस सांगितले असते तर कपाटं २५ ला आली असती, बसवणं २६ आणि २९ ला झालं असतं, आणि तपासणी ३० जूनवर गेली असती.